कांजण्या की एमपॉक्स? एकाच फोडावर चार दिवस लक्ष ठेवा

स्किनच्या ओपीडीत काम करताना सगळ्यात जास्त येणारी गोष्ट म्हणजे मोबाईलवरचा एक फोटो, झूम केलेला, आणि सोबत प्रश्न, "हे एमपॉक्स तर नाही ना?" आता खरं सांगायचं तर एका फोटोवरून मलाही सांगता येत नाही, कारण पहिल्या दिवशी दोन्हीचे डाग सारखेच दिसतात, सपाट, लालसर, हात फिरवला तरी बोटाला लागत नाहीत. फरक कळतो तो वेगातून. म्हणून मी सांगते की एकच डाग निवडा, त्याच्याभोवती पेनाने गोल करा आणि रोज त्याच उजेडात त्याचाच फोटो काढा.

समजा एक पस्तिशीचा माणूस दुबईहून गावी आलाय. येऊन दोन आठवडे झाले, तीन दिवस ताप, अंगदुखी, आणि आता चेहऱ्यावर आणि हातावर डाग. नेमक्या त्याच वाड्यात शेजारच्या पोराला पंधरा दिवसांपूर्वी कांजण्या झाल्यात. म्हणजे दोन्ही शक्यता खुल्या, कारण कांजण्यांना संसर्गापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे लागतात (10 ते 21 दिवस) आणि एमपॉक्सला बहुतेक वेळा 3 ते 17 दिवस, कधी 21 पण. आणि ही दुबईची गोष्ट उगाच नाही घेतली, 2022 च्या जुलैमध्ये भारतातला पहिला पेशंट केरळात सापडला तो यूएईहून आलेला होता, आणि सप्टेंबर 2024 मध्ये क्लेड वन-बी या नव्या प्रकाराचा पहिला पेशंटही केरळातच, तोही यूएईहून आलेला.

आता कांजण्या असतील तर काय होतं ते बघू. सकाळचा सपाट डाग संध्याकाळपर्यंत उंचावतो, त्यात पाणी भरतं, पातळ कातडीचा थेंब बसावा तसा फोड, खाली लाल गोल, नख लागलं की फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी मधूनच सुकायला लागतो. म्हणजे एका फोडाचा डागापासून खपलीकडचा प्रवास साधारण एका दिवसात. पण तो संपेपर्यंत शेजारी नवे डाग आलेले असतात, तीन-चार दिवस हे चालतं, त्यामुळे पाठीवर एका तळहाताएवढ्या जागेत डाग, पुटकुळी, पाण्याचा फोड आणि खपली सगळं एकत्र दिसतं. गर्दी छाती-पोट-पाठीवर, हातापायांवर विरळ. आणि खाज! कडुनिंबाचा पाला अंथरायची पद्धत काही उगाच नाही पडली.

एमपॉक्सचा फोड मात्र निवांत असतो. सपाट डाग एक-दोन दिवस, मग तो उंचावून घट्ट पुटकुळी होते ती एक-दोन दिवस, मग त्यात पाण्यासारखा द्रव भरतो तो एक-दोन दिवस, आणि मग पिवळसर पांढरा पू भरल्यासारखा टप्पा, जो पाच ते सात दिवस टिकतो. म्हणजे पेनाने गोल केलेला डाग चौथ्या दिवशी कांजण्यांमध्ये कधीच खपलीवर आलेला असतो आणि एमपॉक्समध्ये जेमतेम पाण्यावर. हा "पू" पण गमतीचा आहे, टोचून काढायला गेलं तर फारसं पातळ काही येत नाही, आत घट्ट चोथाच असतो (टोचू मात्र नका, मी फक्त सांगतेय). बोटाखाली तो फोड कातडीत रुतून बसलेल्या मण्यासारखा लागतो, कडा स्पष्ट, आणि मध्ये बेंबीसारखा खळगा पडतो. आजी म्हणतात "देवीसारखं दिसतंय", तर त्या चूक नाहीयेत, देवीचा आणि एमपॉक्सचा विषाणू एकाच घराण्यातला, कांजण्यांचा मात्र नागीण करणारा, अगदी वेगळ्या कुळातला.

खपल्या पण वेगळ्या. कांजण्यांत पुरळ सुरू झाल्यापासून चार ते सात दिवसांत सगळ्यांवर खपली धरलेली असते. एमपॉक्समध्ये खपली साधारण दुसऱ्या आठवड्यात धरते, गडद आणि जाड, आणि ती गळून पडायला अजून एक-दोन आठवडे जातात. खाली फिकट किंवा काळसर डाग, कधी खड्डा राहतो. खाजण्यापेक्षा दुखणं जास्त, खाज बहुतेक खपलीच्या वेळी सुरू होते.

पुस्तकात एक सोपा नियम असतो की कांजण्यांत सगळे टप्पे एकत्र आणि एमपॉक्समध्ये सगळे फोड एकाच टप्प्यात, तळहात-तळपायांवर आणि चेहऱ्यावर जास्त. मध्य आफ्रिकेतल्या जुन्या पेशंटमध्ये हे बऱ्यापैकी जुळायचं. पण 2022 ची साथ जगभर पसरली तेव्हा हा नियम पार लंगडा पडला, कित्येकांना ताप आधी आलाच नाही, फोड पाच-दहाच, कधी एकच, तोही जननेंद्रियावर किंवा गुदद्वाराजवळ किंवा तोंडात, आणि वेगवेगळ्या टप्प्यांतले. उलट मोठ्या माणसाला जोरदार कांजण्या झाल्या तर तळहातावर पण येतात. त्यामुळे माझा भरवसा तीन गोष्टींवर: फोडाचा वेग, त्याची खोली, आणि गाठी. मानेत, जबड्याखाली किंवा जांघेत सुजलेल्या दुखऱ्या गाठी (जांघेतलं अवधाण) एमपॉक्समध्ये भरपूर पेशंटना येतात, कांजण्यांत तेवढ्या ठळक नसतात. पण गाठी नाहीत म्हणून एमपॉक्स नाही असं मात्र धरू नका.

आपल्या दुबईवाल्याचं काय झालं समजा? चौथ्या दिवशी त्याचा गोल केलेला डाग घट्ट, मध्ये खळगा, कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर तसेच, जांघेत गाठ, पाठ जवळजवळ मोकळी. इथे मी पाचव्या दिवसाची वाट बघणार नाही. खरं तर परदेशवारी किंवा एमपॉक्सच्या पेशंटशी जवळचा संबंध, शरीरसंबंध धरून, असेल तर चौथ्याची पण बघू नये. स्वतंत्र खोली, मास्क, फोड झाकलेले, आणि सरकारी दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांगायचं, म्हणजे वेटिंगमध्ये गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाशेजारी बसवत नाहीत. तपासणी रक्ताची नाही, फोडावरूनच घासून घेतलेल्या स्वॅबची किंवा खपलीची पीसीआर, शक्यतो दोन वेगळ्या जागांवरून. त्याच नमुन्यावर कांजण्यांची पण पीसीआर मागावी, कारण दोन्ही एकत्र झालेले पेशंट काँगोमध्ये नोंदले गेलेत, एक निघालं म्हणून दुसरं नाहीच असं नाही.

हे ठरवायची घाई दोन कारणांसाठी. मोठ्या माणसाला कांजण्या असतील तर असायक्लोव्हिर या औषधाचा खरा फायदा पुरळ आल्यापासून 24 तासांत सुरू केलं तर होतो, एमपॉक्सवर ते चालत नाही. आणि दुसरं सुट्टीचं गणित: कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरली की माणूस कामावर जाऊ शकतो, एमपॉक्समध्ये खपली धरणं पुरत नाही, ती गळून खाली नवी कातडी यावी लागते, म्हणजे दोन ते चार आठवडे. गळालेल्या खपल्यांमध्ये पण विषाणू असतो, म्हणून त्याची चादर झटकायची नाही, तशीच हळू गुंडाळून गरम पाण्यात आणि साबणात टाकायची.