बोर्डासाठी बायो: पहिल्या नोकरीपासून लिहायचा की गव्हर्नन्सपासून?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका ताईंचा बायो हातात आला. वय ५४, चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेशन्सच्या प्रेसिडेंट, आणि दुसऱ्या एका लिस्टेड कंपनीनं इंडिपेंडंट डायरेक्टर म्हणून त्यांचं नाव विचारात घेतलेलं. त्यांच्याकडे दोन ड्राफ्ट होते, एक स्वतः लिहिलेला दीड पानाचा आणि एक मी सुचवलेला साधारण पाऊण पानाचा, आणि कुठला पाठवायचा ते ठरत नव्हतं. तुमचंही असंच अडलं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघू. तपशील ओळखू येऊ नयेत इतके बदललेत.

पहिल्या ड्राफ्टची सुरुवात अशी होती:

«१९९३ साली ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून करिअरची सुरुवात. १९९५ मध्ये शिफ्ट इंजिनिअर, १९९८ मध्ये क्वालिटी विभागात बदली, २००२ मध्ये असिस्टंट मॅनेजर…»

असं करत करत अर्धं पान संपलं तरी आपण २००८ मध्येच. आणि अगदी शेवटच्या ओळीत, शिक्षणाच्याही खाली, «तसेच २०१८ पासून सबसिडियरी कंपनीच्या बोर्डावर डायरेक्टर». मी ती ओळ वाचून थांबलोच, कारण बोर्डाला जे सगळ्यात आधी बघायचंय ते सगळ्यात शेवटी टाकलेलं!

दुसरा ड्राफ्ट असा सुरू होतो:

«चार प्लांट, कंत्राटी धरून सुमारे २,६०० कामगार आणि वर्षाला १,१०० कोटींचा उत्पादन खर्च यांची जबाबदारी, रिपोर्टिंग थेट एमडींकडे. २०१८ पासून सबसिडियरीच्या बोर्डावर डायरेक्टर. एका प्लांटमधल्या गंभीर अपघातानंतर सेफ्टीचं रिपोर्टिंग प्लांट हेडकडून काढून रिस्क कमिटीपुढे नेलं, आता दर तिमाहीला आढावा होतो.»

बाई तीच आणि ३० वर्षंही तीच, पण पहिला ड्राफ्ट त्या कशा वर चढत गेल्या ते सांगतो आणि दुसरा आज त्यांच्या सहीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. नोकरी देणारा मॅनेजर पहिला वाचेल, त्याला माणूस काम करणारा हवा असतो. बोर्डाची नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी, म्हणजे एनआरसी, काम करून घेणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस शोधत असते. तिच्यासमोर स्किल मॅट्रिक्स असतो, कुठल्या डायरेक्टरकडे कुठलं कौशल्य आहे त्याचा तक्ता, आणि त्यातला रिकामा रकाना तुमच्यामुळे भरतो का एवढंच ती बघते. सेबीच्या एलओडीआर नियमांप्रमाणे शेअरहोल्डरांना जी नोटीस जाते तिच्यातही इंडिपेंडंट डायरेक्टरबाबत कुठली कौशल्यं हवी होती आणि हा माणूस ती कशी पुरी करतो हे लिहावं लागतं. १९९५ च्या शिफ्टवरून ते लिहिता येत नाही, अपघातानंतरच्या त्या एका वाक्यावरून येतं.

बायो कमिटीपाशी थांबतही नाही. १ जानेवारी २०२२ पासून लिस्टेड कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टरच्या नेमणुकीसाठी शेअरहोल्डरांपुढे स्पेशल रिझोल्यूशन आणावं लागतं, म्हणजे ते मंजूर व्हायला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. मग म्युच्युअल फंडातला कोणीतरी माणूस नोटिशींचा गठ्ठा समोर घेऊन तुमचा परिच्छेद वाचणार, त्याला तुम्ही कधी ट्रेनी होता याच्याशी काय देणंघेणं.

आता जुन्या नोकऱ्या गाळायच्या म्हणजे किती, इथे बरेच जण टोकाला जातात आणि पहिली १५ वर्षं साफ उडवून टाकतात. तसं करू नका. वर «३० वर्षांचा अनुभव» आणि खाली सगळं २००८ पासून, मग आधीची वर्षं गेली कुठे हा प्रश्न येणारच. ताईंच्या ड्राफ्टमध्ये आम्ही एकच ओळ ठेवली: «१९९३ ते २००८, उत्पादन आणि क्वालिटी विभागांत वाढत्या जबाबदाऱ्या». बास. आणि वय लपेल म्हणून जुनं गाळत असाल तर ते चालणारच नाही, नोटिशीत डायरेक्टरचं वय छापावंच लागतं.

दोन ठिकाणी मात्र जुनी नोकरी नीट नाव घेऊन ठेवावी. एक, रिकामा रकाना तिच्यानेच भरत असेल तर. ऑडिट कमिटीत किमान एकाकडे अकाउंटिंगचं किंवा फायनान्सचं पक्कं ज्ञान लागतं, तेव्हा तुमची सुरुवातीची आठ वर्षं सीए फर्ममध्ये गेली असतील तर ती काढणं म्हणजे आपलाच पत्ता कापणं. दोन, ती नोकरी याच कंपनीत किंवा तिच्या ग्रुपमध्ये झाली असेल तर. कायदा नोकरीबाबत मागची तीन आर्थिक वर्षं बघतो, १९९६ ची नोकरी आडवी येत नाही, पण ती तुम्ही सांगितली नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितली तर इंडिपेंडंट या शब्दावरच शंका येते. मग खुलासे करत बसण्यापेक्षा एक ओळ परवडली.

दुसऱ्या ड्राफ्टचा धोकाही सांगतो, कारण तो छोटा असल्यामुळे प्रत्येक शब्दावर भार येतो. ताईंनी आधी लिहिलं होतं «ऑडिट कमिटीच्या सदस्य». मी विचारलं, खरंच सदस्य होता का? तर नाही, त्या प्रेझेंटेशनला बोलावल्या जायच्या, म्हणजे इन्व्हायटी. त्यांच्या मनात खोटं काही नव्हतं, दर तिमाहीला त्या खोलीत बसायच्या म्हणून तसं वाटायचं. पण लिस्टेड कंपनीच्या अॅन्युअल रिपोर्टमध्ये कमिटीच्या सदस्यांची नावं आणि हजेरी छापलेली असते, पाच मिनिटांत कळतं. आम्ही «ऑडिट कमिटीपुढे दर तिमाहीला प्लांटच्या इंटर्नल ऑडिटचे मुद्दे मांडले» असं केलं, जे खरं आहे आणि मला तर जास्त वजनदार वाटतं.

आकड्यांचंही तसंच. कंपनीची उलाढाल ३,००० कोटींची म्हणून तो आकडा बायोत टाकायचा मोह होतो, पण ती काही ताईंच्या हातात नव्हती, त्यांच्या हातात १,१०० कोटींचा खर्च होता. आपल्याला साधी कसोटी सापडली ती अशी, की हा आकडा चुकला असता तर एमडींनी बोलावून कोणाला विचारलं असतं? तुम्हाला विचारलं असतं तर लिहा, नाहीतर सोडा.

म्हणून माझं मत: एनआरसीला आणि नोटिशीला दुसरा ड्राफ्ट. सर्च फर्मनं पूर्ण सीव्ही मागितला तर पहिला द्या, तिथे तारखा लागतातच, फक्त सबसिडियरीच्या बोर्डाची ओळ वर आणा आणि दोन्हीकडची वर्षं एकमेकांशी आणि लिंक्डइनशी जुळतात का ते बघून घ्या. सगळ्या खिडक्यांवर एकच कागद द्यायचा हट्ट असेल तर दुसराच बरा.

ताईंना शेवटपर्यंत एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, १९९३ मध्ये त्या शॉप फ्लोअरवर एकट्या बाई इंजिनिअर होत्या आणि ती ओळ गेली. मी म्हटलं, कागदावरून गेली, पण चेअरमन भेटीला बोलावतील तेव्हा सेफ्टीबद्दल इतकं का वाटतं असं विचारतीलच, तिथे त्या शॉप फ्लोअरपासून सांगा. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि दुसरा ड्राफ्ट पाठवला.