शब्द बदलायचे की सुरुवात बदलायची?

समजा, औषध वितरकाच्या बिलिंग प्रोजेक्टच्या अंतर्गत सारांशातली एक तांत्रिक ओळ ग्राहकाला समजेल अशी लिहायची आहे: ‘रिपोर्टिंग लोड रीड रेप्लिकावर हलवला, पी९५ लेटन्सी ४ सेकंदांवरून ८०० मिलिसेकंदांवर.’

पहिला पर्याय, तीच ओळ सोपी करणं: ‘रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवली, प्रतिसाद वेगवान झाला.’ तासाभरात काम उरकतं. पण वाचणारा मालक विचारणार, बरं, मग?

दुसरा पर्याय, ग्राहकाच्या अडचणीपासून लिहिणं: ‘महिनाअखेरीस अकाउंट्सने रिपोर्ट काढला की काउंटरवर बिलं अडकायची. आता रिपोर्ट भरदुपारी निघतो आणि बिलिंग चालू राहतं.’ यासाठी काउंटरवरच्या माणसाला फोन करावाच लागतो; हे सारांशात सापडत नाही.

माझं मत दुसऱ्याला, पण इथेच अतिशयोक्ती शिरते. पी९५ म्हणजे शंभरांतली पंचाण्णव बिलं त्या वेळेत. म्हणून ‘प्रत्येक बिल सेकंदाच्या आत’ लिहू नका. शिवाय रेप्लिका मूळ डेटाबेसच्या किंचित मागे असू शकते, तेव्हा ‘ताज्या क्षणाचा रिपोर्ट’ हेही नको. आधीचा आकडा मोजलेलाच नसेल तर टक्केवारी सोडा, नुसता बदल सांगा.

वाचणारा ग्राहकाचा आयटी प्रमुख असेल, तर पहिल्या पर्यायातली ओळ शेवटी चौकटीत टाका, सारांशातले आकडे जोडून.