सिक्स जीचा कागद आणि माझे ४५ हजार

माझ्या बायोडेटावर दुसऱ्याने लिहिलेल्या एका ओळीपायी माझे ४५ हजार रुपये गेले. ओळ अशी होती: "सिक्स जी वेल्डर, आर्गन आणि आर्क, सात वर्षं, रिफायनरी शटडाऊनचा अनुभव." यातला 'वेल्डर' आणि 'आर्क' हे दोनच शब्द खरे होते.

मी भांडुपला राहतो. २०१६ ला आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला, मग वर्षभर अप्रेंटिसशिप आणि २०१७ च्या अखेरीपासून तळोज्याला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये. तिथं काम सगळं स्ट्रक्चरचं. कॉलम, बीम, १० ते १६ मिलिमीटरच्या प्लेटा. उभी वेल्डिंग म्हणजे थ्री जी, डोक्यावरची म्हणजे फोर जी, दोन्ही आर्कने म्हणजे रॉडने, रॉड ७०१८, आणि सपाट कामाला सीओटू, म्हणजे गॅस लावून वायरने केलेली वेल्डिंग. आर्गन म्हणजे आर्गन गॅसच्या टॉर्चने, हाताने वायर सोडत केलेली, ती माझ्या कामात नव्हती. पाइपचा जॉइंट मी बघितलाय, पण स्वतः कधी मारलेला नाही. सिक्स जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. खालून, बाजूने, वरून, सगळ्या पोझिशन एकाच जॉइंटमध्ये येतात. आखातात पगार सिक्स जीवाल्यालाच जास्त मिळतो, हे आमच्यातल्या पोरापोराला माहीत आहे.

साकीनाक्याला एका गाळ्यात एजंट बसायचा. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मी तीन पानांचा बायोडेटा नेला होता, त्यातलं निम्मं पान छंद आणि भाषा. त्याने तो बाजूला सारला. "भाऊ, हा असा कोण बघणार? आम्ही बनवून देतो." दोन दिवसांनी नवा बायोडेटा आणि सोबत सिक्स जीचं प्रमाणपत्र हातात दिलं. प्रमाणपत्रावर माझा फोटो, शिक्का, सही, सगळं. मी विचारलं, "ही टेस्ट मी कधी दिली?" तो हसला. "क्लायंटची टेस्ट तर द्यायचीच आहे ना? हे फक्त आत शिरायला." कागदपत्रं आणि ट्रेनिंगचे म्हणून ४५ हजार घेतले, पासपोर्टही ठेवून घेतला. ट्रेनिंग म्हणजे एका शेडमध्ये चार दिवस आर्गनचा टॉर्च हातात.

क्लायंटची ट्रेड टेस्ट नवी मुंबईत होती. इन्स्पेक्टर केरळचे, वयस्कर, आवाज एकदम शांत. आधी कागद बघितले. प्रमाणपत्रावर बोट ठेवून म्हणाले, "आर्गनच्या रकान्यात एफ नंबर ४ कसा?" मला उत्तर येईना. त्यांनीच सांगितलं, एफ नंबर म्हणजे रॉड किंवा वायर कोणत्या गटातली तो आकडा, ७०१८ रॉडचा ४. आर्गनला आपण जी फिलर वायर लावतो तिचा ६. ज्याने कागद बनवला त्याने वरचा रकाना खाली कॉपी केला होता. वेल्डिंग कशी करायची ते लिहिलेला कागद म्हणजे डब्ल्यूपीएस, त्याचा नंबर नव्हता, पाइपचा व्यास नव्हता आणि जॉइंट वाकवून बघायच्या बेंड टेस्टचा किंवा एक्स-रेचा निकाल कुठेच नव्हता. मग त्यांनी माझं अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र बायोडेटाशेजारी ठेवलं. अप्रेंटिसशिप ऑक्टोबर २०१६ ते सप्टेंबर २०१७. बायोडेटात फेब्रुवारी २०१७ ला मी शटडाऊनवर, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून चालणाऱ्या दुरुस्तीच्या कामावर. "एकाच वेळी दोन ठिकाणी?" एवढंच विचारलं.

तरी टेस्ट देऊ दिली. सहा इंची पाइप, जेमतेम तीन मिलिमीटरचा गॅप. आर्गनने रूट, म्हणजे जॉइंटचा तळाचा पहिला थर, मारताना त्या गॅपच्या तोंडाशी कीहोल, म्हणजे वितळून पडलेलं छोटं भोक, उघडं ठेवायचं, वायर त्यात सोडत जायची. माझं कीहोल वर मोठं व्हायचं आणि खाली बंद पडायचं. इन्स्पेक्टरांनी बॅटरी लावून पाइपच्या आत बघितलं. खालच्या बाजूला रूट आत ओढला जाऊन खड्डा पडला होता, वर गाठी लोंबत होत्या. वरचे थर भरायच्या फिलिंगपर्यंत गेलोच नाही.

मला खरी गोम त्यानंतर कळली. पैसे मागायला गेलो तर एजंट म्हणाला, "फेल तू झालास, त्याला आम्ही काय करणार?" पावती काढली. त्यावर लिहिलं होतं: कागदपत्रं आणि ट्रेनिंग, परत मिळणार नाही. म्हणजे मला जिथं उभंच राहता येणार नाही अशा टेस्टला त्यानेच उभं केलं, आणि फेल झालो की दोष माझा. मी पास झालो असतो तरी एजंटचे पैसे सुटले असते, नापास झालो तरी सुटले. पासपोर्ट मिळाला तो मामांना घेऊन गेलो आणि मामांनी सरळ पोलिसांत जायची भाषा केली तेव्हा.

मग मामांनी विचारलं, "लायसन्स नंबर बघितलास का रे त्याचा?" नव्हता बघितला. परदेशी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि ती यादी emigrate.gov.in वर कुणालाही दिसते. त्याचं नाव तिथं नव्हतंच. आणि नोंदणी असलेल्यालाही कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. बीकेसीला विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तक्रार तिथं केली.

बायोडेटा नंतर मी स्वतः लिहिला, दोन पानं. छंद काढून टाकले. सुरुवातीलाच: "स्ट्रक्चरल वेल्डर. आर्क थ्री जी आणि फोर जी, सीओटू सपाट आणि आडवी. पाइपचं काम केलेलं नाही." ती शेवटची ओळ लिहिताना हात थबकला, पण ठेवली. त्याखाली आयटीआय आणि अप्रेंटिसशिपची प्रमाणपत्रं, नंबर आणि तारखांसकट, तारखा एकमेकींवर चढत नाहीत हे तीनदा तपासून. मग तळोज्याचं काम: कधीपासून कधीपर्यंत, कोणती प्लेट, किती जाडी, कोणत्या पोझिशनला, कोणता रॉड, काय बनलं. नुसतं 'वेल्डिंगचं काम' लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच समजत नाही.

आमच्या क्वालिटीवाल्या साहेबांकडून माझ्या टेस्टच्या रेकॉर्डची झेरॉक्स मागून घेतली. ती २०२१ ची, १२ मिलिमीटर प्लेटवर थ्री जी आणि फोर जी, म्हणून २४ मिलिमीटरपर्यंतच्या कामाला चालणारी. साहेब म्हणाले, "नुसती ही देऊ नकोस." सहा महिने त्या प्रोसेसमध्ये वेल्डिंग केली नाही तर पात्रता संपते, म्हणून मी अजून आर्कवर आहे असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं. आठ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयमध्ये रॉडचे प्रकार पाठ करून घेतले, कागद कसा दाखवायचा ते नाही.

दुसऱ्या वेळी अंधेरीच्या एका नोंदणीकृत ऑफिसात गेलो, आधी नंबर यादीत बघून. टेस्ट घेणाऱ्याने बायोडेटा वाचला आणि विचारलं, "फोर जी होईल ना?" प्लेट डोक्यावर बांधली, मी रॉड लावला. स्ट्रक्चरलसाठी निवड झाली. पगार सिक्स जीवाल्यापेक्षा कमी आहे. व्हिसाची वाट बघतोय.

४५ हजार अजून आलेले नाहीत. तो सिक्स जीचा कागद फाडावासा वाटत होता, पण तक्रारीला जोडायला लागला. त्यावरची सही आणि शिक्का कुणाचा ते मला माहीत नाही. फोटो मात्र माझाच आहे.