दोन रकान्यांची वर्किंग नोट: रिव्हॅल्युएशनच्या प्रश्नांवर काही महिने वापरल्यानंतर

इंड एएस 16 मधले रिव्हॅल्युएशनचे प्रश्न सोडवायला मी गेले काही महिने एकच वर्किंग नोट वापरतेय. ऑफिसातल्या एका सीनियर ताईने ती दाखवली होती. कागदावर दोन रकाने आखायचे. डावीकडे रिव्हॅल्यू केलेली मालमत्ता, उजवीकडे तीच मालमत्ता कधी रिव्हॅल्यू केलीच नसती तर जशी राहिली असती तशी. दरवर्षी दोन्हीकडे घसारा लावायचा आणि शेवटी फरक लिहायचा. सीए फायनलचा आणि इंटरचा, दोन्हीकडचा सराव करताना मी ती वापरली (एएस 10 मध्येही पाया तोच आहे, फक्त ओसीआय नावाची गोष्ट नाही, सरप्लस थेट मालकांच्या हिश्शात जातो). आता तिच्याबद्दल नीट लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

आधी ती कशी चालते ते एका उदाहरणावर. 1 एप्रिल 2020 रोजी मशीन घेतलं, किंमत 20,00,000, आयुष्य 10 वर्षं, शेवटी किंमत शून्य, सरळ रेषा पद्धत. वर्षाला 2,00,000 घसारा. 31 मार्च 2022 ला पुस्तकी किंमत 16,00,000 राहते आणि त्याच दिवशी फेअर व्हॅल्यू 22,40,000 ठरते. वाढ 6,40,000. ती ओसीआयमधून इक्विटीत रिव्हॅल्युएशन सरप्लस म्हणून जाते. उरलेली वर्षं 8, म्हणून डावीकडचा घसारा 2,80,000 आणि उजवीकडचा 2,00,000 च. कंपनीचं धोरण असं की हा जादा 80,000 दरवर्षी सरप्लसमधून रिटेन्ड अर्निंग्जमध्ये वळवायचा.

| तारीख | रिव्हॅल्यूड | मूळ किमतीवर | फरक |
|---|---|---|---|
| 31 मार्च 2022 | 22,40,000 | 16,00,000 | 6,40,000 |
| 31 मार्च 2023 | 19,60,000 | 14,00,000 | 5,60,000 |
| 31 मार्च 2024 | 16,80,000 | 12,00,000 | 4,80,000 |
| 31 मार्च 2025 | 14,00,000 | 10,00,000 | 4,00,000 |

शेवटचा रकाना म्हणजेच सरप्लसची शिल्लक. ती वेगळी मोजावी लागत नाही, आणि हाच या नोटेचा खरा फायदा. लेजरमध्ये 6,40,000 मधून तीन वेळा 80,000 वजा केले तरी 4,00,000 च यायला हवेत. नाही आले तर पुढे एक ओळही लिहू नये.

जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी या 80,000 कडे नीट बघावं. पूर्वी आपल्याकडे जादा घसाऱ्याइतकी रक्कम सरप्लसमधून नफा-तोटा खात्यात जमा करून खर्च भरून काढायची पद्धत होती, आणि फोटोकॉपी होऊन फिरणाऱ्या कागदांत ती अजून दिसते. आता परिच्छेद 41 मध्ये स्पष्ट आहे की हे वळवणं नफा-तोट्यातून जात नाही. म्हणजे पी अँड एलला पूर्ण 2,80,000 चा फटका बसतो आणि त्याखेरीज इक्विटीच्या आत वेगळी नोंद होते: रिव्हॅल्युएशन सरप्लस नावे 80,000, रिटेन्ड अर्निंग्ज जमा 80,000. उत्तरात स्टेटमेंट ऑफ चेंजेस इन इक्विटी मागितलं असेल तर ही रक्कम तिथे दोन रकान्यांत उलटसुलट चिन्हांनी दिसते आणि एकूण इक्विटी तीच राहते. एवढं बघितलं की तपासणी झाली.

आता ही नोट जिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडली तो भाग. 31 मार्च 2025 ला फेअर व्हॅल्यू 9,00,000 निघाली. पुस्तकी 14,00,000, घट 5,00,000. परिच्छेद 40 सांगतो की त्या मालमत्तेच्या सरप्लसमध्ये जेवढी शिल्लक असेल तेवढी घट ओसीआयमध्ये, बाकीची पी अँड एलमध्ये. आपल्याकडे शिल्लक 4,00,000, म्हणून 4,00,000 ओसीआय आणि 1,00,000 तोटा. टेबल बघून हे उत्तर आपोआप निघतं: 9,00,000 ही रक्कम उजवीकडच्या 10,00,000 पेक्षा जेवढी खाली, तेवढा पी अँड एलला.

पण हेच उदाहरण धोरण बदलून करा. समजा कंपनी दरवर्षी काहीच वळवत नाही, मालमत्ता विकली किंवा काढून टाकली की एकदमच वळवते. परिच्छेद 41 मध्ये ‘वळवता येईल’ असं आहे, सक्ती नाही, त्यामुळे हेही चालतं. मग 31 मार्च 2025 ला सरप्लस अजून 6,40,000 च असतो. 5,00,000 ची सगळी घट ओसीआयमध्ये जाते, पी अँड एलला एक पैसाही लागत नाही आणि सरप्लसमध्ये 1,40,000 शिल्लक उरतात, तेही मशीन मूळ किमतीच्या हिशेबापेक्षा खाली आलेलं असताना. तेच मशीन, तीच फेअर व्हॅल्यू, आणि नफ्यात 1,00,000 चा फरक, तो केवळ इक्विटीच्या आतल्या एका ऐच्छिक नोंदीमुळे. म्हणून प्रश्न वाचताना ‘सरप्लस वळवण्याचं धोरण’ या ओळीखाली मी सगळ्यात आधी रेघ मारते. ती ओळ प्रश्नात नसेल तर गृहीतक लिहून मगच पुढे जाते. आणि इथेच नोटेची पहिली मर्यादा: वळवत नसाल तर फरकाचा रकाना म्हणजे सरप्लस राहत नाही. तेव्हा सरप्लससाठी तिसरा रकाना वेगळा ठेवावाच लागतो.

आता पुन्हा दरवर्षी वळवण्याच्या धोरणावर येऊन पुढची दोन वर्षं बघू, कारण परीक्षकाला तिथे थांबायला आवडत नाही. 9,00,000 वर उरलेली 5 वर्षं, घसारा 1,80,000. 31 मार्च 2027 ला डावीकडे 5,40,000, उजवीकडे 6,00,000. फेअर व्हॅल्यू 8,00,000 आली. वाढ 2,60,000. आधी पी अँड एलमध्ये घेतलेली घट जेवढी उलटते तेवढी वाढ पी अँड एलमध्ये, बाकी ओसीआय. आता ती रक्कम 1,00,000 की 60,000?

मी 60,000 घेते. तोटा 1,00,000 चा होता, पण त्याच तोट्यामुळे मधल्या दोन वर्षांत घसारा दरवर्षी 20,000 ने कमी लागला, म्हणजे 40,000 पी अँड एलला आधीच परत मिळाले आहेत. पूर्ण 1,00,000 पुन्हा जमा केले तर तेच 40,000 दोनदा मिळतात. टेबलही तेच दाखवतं: 8,00,000 वजा 6,00,000 म्हणजे सरप्लस 2,00,000, आणि 2,60,000 मधले उरलेले 60,000 पी अँड एलला. स्टँडर्डच्या परिच्छेद 39 मध्ये हा घसाऱ्याचा हिशेब शब्दांत मांडलेला नाही, म्हणून उत्तरात एक वाक्य कारण म्हणून लिहावं. सोडवलेल्या उत्तरांत पूर्ण 1,00,000 घेतलेलंही भेटतं. मला ते पटत नाही, पण निदान का ते सांगता येतं, आणि ते दोन रकान्यांमुळेच.

दुसरी जागा जिथे नोट जपून वापरावी लागते ती म्हणजे आयुष्य बदलणं. समजा 31 मार्च 2022 ला तज्ज्ञाने सांगितलं की मशीन अजून 10 वर्षं चालेल, 8 नाही. डावीकडे 22,40,000 ला 10 ने भागलं की 2,24,000. उजवीकडे सवयीने जुने 2,00,000 राहून जातात आणि वळवायची रक्कम फक्त 24,000 निघते. आयुष्याचा अंदाज मशीनचा बदलला आहे, रिव्हॅल्युएशनचा नाही, म्हणून तो उजवीकडेही लागू होतो: 16,00,000 भागिले 10, म्हणजे 1,60,000. जादा घसारा 64,000. चूक ओळखायची खूण सोपी आहे. 64,000 गुणिले 10 म्हणजे बरोबर 6,40,000, सरप्लस आयुष्याच्या शेवटी शून्यावर येतो. 24,000 ने दहा वर्षांत 2,40,000 च संपतात आणि 4,00,000 लटकत राहतात. शिवाय ‘आयुष्य 10 वर्षं’ हे एकूण की उरलेलं, हे प्रश्नाच्या भाषेत मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं. ते आधी ठरवा.

संचित घसाऱ्याच्या दोन पद्धतींचं मात्र मला फारसं भय वाटत नाही. एका पद्धतीत संचित 4,00,000 मशीनच्या किमतीतून उडवायचे आणि मग 6,40,000 वाढवायचे. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही आकडे 22.4 भागिले 16, म्हणजे 1.4 पटीने वाढवायचे: किंमत 28,00,000, संचित घसारा 5,60,000, निव्वळ तेच 22,40,000. सरप्लस दोन्हीकडे सारखाच. फक्त प्रश्नाने कुठली पद्धत मागितली आहे ते बघून जर्नल नोंदी लिहायच्या.

मालमत्तेगणिक वेगळी नोट करावी लागते, ही खरी कटकट आहे. रिव्हॅल्युएशन संपूर्ण वर्गाचं करायचं असतं, पण सरप्लस मात्र मालमत्तेनिहाय बघायचा. एका इमारतीची घट दुसऱ्या इमारतीच्या सरप्लसमधून भागवता येत नाही. तीन इमारतींचा प्रश्न आला की तीन नोटा, आणि वेळ जातो. जमिनीला घसाराच नसल्यामुळे तिथे दुसऱ्या रकान्याची गरज नाही, मूळ किंमत कोपऱ्यात लिहून ठेवली की भागतं. दोन मार्कांच्या एमसीक्यूलाही पूर्ण टेबल मांडू नये, तिथे 6,40,000 भागिले 8 एवढं पुरतं.

डिफर्ड टॅक्स जोडलेला प्रश्न असेल तर फरकाचा रकाना करपूर्व राहू द्यावा आणि शेजारी कर वजा जाता सरप्लस लिहावा. 25% दराने 6,40,000 वर 1,60,000 डिफर्ड टॅक्स लायबिलिटी, तीही ओसीआयमधूनच, आणि सरप्लस 4,80,000. मग दरवर्षी वळवायची रक्कमही 80,000 नाही, 60,000. सरप्लसची शिल्लक फरकाच्या पाऊणपट आली की ताळा जुळला.