द्राक्षबागेतलं ऊन: बाह्या, टोपी आणि कापड, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी मिरजेत राहते आणि तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागांना सल्ला देण्याचं काम करते. सकाळी सातला स्कूटरवरून निघायचं आणि दुपारी एक-दीडपर्यंत बागेत. बाग म्हटलं की लोकांना सावली वाटते. पण एप्रिलची खरड छाटणी झाली की मांडवावर एक पान राहत नाही. नवी फूट वाढून सावली धरेपर्यंत तारांखाली उभं राहणं आणि उघड्या माळावर उभं राहणं यात काही फरक नसतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तोही घड्याळातल्या बाराला नाही तर साडेबाराच्या सुमारास. त्यामुळे "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" हा हिशेब इथे चुकतो.

फेब्रुवारीत मी ऑनलाइन लायक्राच्या ओढून घालायच्या बाह्या मागवल्या. लेबलवर 'यूपीएफ ५०' होतं, म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, दोन टक्केच, कापडातून आत यायला हवा. तीन आठवड्यांत कोपराच्या वर दोन बोटं रुंद काळा पट्टा उमटला आणि कोपरही काळवंडलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. मांडवाखाली हात दिवसभर वर असतात. हात वर केला की बाही खाली घसरते आणि कुर्त्याची बाही वर चढते. दोन्हींच्या मध्ये उघडी पडणारी कातडी, तोच तो पट्टा. कोपराचं कारण वेगळं. 'फ्री साइज' बाही माझ्या दंडावर इतकी ताणली जायची की खालचा तीळ दिसायचा. विणलेलं कापड ताणलं की धाग्यांमधली भोकं मोठी होतात, आणि लेबलवरचा आकडा बहुतेकदा न ताणलेल्या कापडाचा असतो. शिवाय फिक्या गुलाबी कुर्त्याखाली काळ्या बाह्या म्हणजे ठिगळच. शेतकऱ्यांसमोर उभं राहायला मला ते बरं वाटेना.

मग स्कूटरवर घालते तो पांढरा सुती सनकोट बागेतही घालून पाहिला. तो हवेशीर आहे, पण विरळ विणीचा. तासाभरात घामाने पाठीला चिकटतो, आणि ओलं सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त ऊन आत सोडतं. साधा पांढरा सुती टीशर्ट कोरडा असतानाही यूपीएफ पाच ते सातच्याच घरात असतो. सनकोट स्कूटरवरच्या अर्ध्या तासाला ठीक आहे, सहा तासांच्या उभ्या कामाला नाही.

मार्ग दाखवला तो बागेत काम करणाऱ्या मावशींनी. त्या लुगड्यावर पुरुषी फुल शर्ट घालतात, आपल्या भागात सगळ्याच बायका घालतात. माझ्या बाह्या चाचपून म्हणाल्या, "पोरी, ह्या चिकटणाऱ्या मोज्यापेक्षा आमच्या मालकाचा शर्ट बरा. वारं जातंय, ऊन लागत न्हाई." मी तो शर्ट नीट पाहिला. गणवेशाला वापरतात तसं तिरक्या रेघांचं ट्विल, खाकी, सैल. उन्हाकडे धरला तर धाग्यांमधून एकही ठिपका चमकत नव्हता. वीण घट्ट, रंग गडद आणि अंगापासून सुटा, म्हणजे हवं ते सगळं त्यात होतं. खांद्यावर मात्र तो झिजून विरला होता, आणि तिथे उजेड आरपार दिसत होता.

त्यावरून मी इचलकरंजीहून गडद निळं आणि मातकट तपकिरी असं दोन रंगांत सुती ट्विल आणलं आणि दोन कुर्ते शिवून घेतले. आमचे टेलरकाका म्हणाले, "ताई, आधी रात्रभर भिजवून आणा, मग बेततो." पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं, म्हणजे धागे आणखी जवळ येतात. उन्हासाठी ते चांगलंच, पण शिवल्यावर आटलं की बाही आखूड होते. बाह्या मी मनगटापलीकडे, बोटांच्या मुळापर्यंत ठेवल्या आणि अंगठ्यासाठी एक फास. बगलेत चौकोनी तुकडा जोडायला लावला. हा तुकडा नसता तर हात वर करताच सगळा कुर्ता वर ओढला गेला असता आणि बाही पुन्हा कोपराकडे पळाली असती. खांद्यावर आतून मांजरपाटाचा दुसरा थर आहे, कारण डोक्यावरचं ऊन आधी खांद्यावर पडतं आणि घामही तिथेच येतो. मांजरपाट कोरा असतो, ब्लीच केलेला नसतो. कापसाचा स्वतःचा पिवळसर रंग त्यात राहतो आणि तो काही अतिनील किरण शोषतो. त्यामुळे तितक्याच जाडीच्या पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा तो उजवा.

कापड घेताना दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून पाहायची सवय लागली आहे. ठिपके चमकले तर ते कापड मी घेत नाही. पण या परीक्षेला मर्यादा आहे. टॉर्च दिसणारा उजेड दाखवतो, अतिनील नाही. पातळ पॉलिएस्टर दिसतं त्यापेक्षा जास्त किरण अडवतं, तर ब्लीच केलेलं सुती दिसतं त्यापेक्षा जास्त सोडतं.

टोपीचं गणित जमायला जास्त वेळ गेला. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते. गवती हॅटच्या विणीतून गालावर उन्हाचे ठिपके पडत होते, म्हणून तीही बाद. शेवटी काकांनीच कुर्त्याच्या उरलेल्या निळ्या तुकड्यातून चहूबाजूंनी आठ सेंटिमीटर काठाची कापडी टोपी शिवली. काठाला आत कडक कॅनव्हास, खालच्या बाजूला गडद अस्तर आणि हनुवटीखाली नाडी. गडद अस्तरामुळे जमिनीवरून उसळणारा उजेड डोळ्यांवर परत येत नाही. मांडवाच्या तारेत काठ अडकतो तेव्हा टोपी मागे ढकलावी लागते, हा त्रास अजून सुटलेला नाही. सकाळी आठला ऊन तिरपं असतं, तेव्हा काठाचा उपयोग कमीच. शिवाय अतिनील किरण आकाशभरातून विखरून येतात, म्हणून हनुवटी आणि गालांना सनस्क्रीन लागतंच. स्कूटरवर हेल्मेट, बागेत टोपी; ती घडी होऊन डिकीत बसते.

आता बेमेळ दिसण्याचा प्रश्न उरला नाही, कारण बाही वेगळी नाहीच आणि टोपी त्याच कापडाची आहे. खाली दोन्ही कुर्त्यांना चालणारी एकच करडी सलवार. गळ्याला स्टोल गुंडाळण्यापेक्षा मी उभी कॉलर निवडली. मानेमागचा भाग झाकला जातो आणि तारेत काही लोंबत नाही. गडद रंग तापतो ही तक्रार खरी आहे. मे महिन्यात निळा कुर्ता उभ्या उन्हात गरम लागायचा, पण सैल असल्याने वारा सुटला की हवा आत खेळायची. अंगाला घट्ट शिवला असता तर सहन झाला नसता.

ऑक्टोबर छाटणीपर्यंत कोपरावरचा पट्टा फिकट होऊन गेला. आठ महिन्यांत निळा कुर्ता साठ-सत्तर वेळा धुतला असेल. गेल्या आठवड्यात टॉर्च धरून पाहिलं: खांदे अजून घट्ट आहेत, पण उजव्या कोपरावर, जिथे मी मांडवाच्या खांबाला टेकते, दोन-तीन ठिपके चमकायला लागले आहेत. तिथे आतून मांजरपाटाचा तुकडा लावायला कुर्ता काकांकडे दिला आहे.