प्रबंध कुठे छापावा? नाशिकमधल्या दोन प्रकारच्या दुकानांचा हिशेब

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न बहुतेक जण एकच विचारतात, "काळं-पांढरं पान कितीला?" चार पानांच्या झेरॉक्ससाठी तो पुरेसा आहे. सव्वादोनशे-अडीचशे पानांच्या प्रबंधात मात्र एकूण बिल रंगीत पानं, बाइंडिंग आणि सूट कशावर मिळते यांवर ठरतं. अनेकदा दीड रुपयाची पाटी लावलेलं दुकानच शेवटी महाग पडतं.

नाशिकमध्ये आपल्यापुढे साधारण दोन पर्याय असतात. कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा पंचवटीतल्या कॉलेजांच्या आसपासची झेरॉक्स सेंटर्स हा पहिला. दुसरा म्हणजे पत्रिका, ब्रोशर, मेनूकार्ड छापणारे डिजिटल प्रिंटिंगवाले, ज्यांच्याकडे मोठं रंगीत मशिन असतं. ऑफसेटचा विचार इथे नको, कारण प्लेटचा खर्च पाच-सहा प्रतींत कधीच भरून निघत नाही.

एक उदाहरण घेऊ. प्रबंध २४० पानांचा, त्यात २०० पानं काळी-पांढरी आणि ४० रंगीत. छपाई एका बाजूने, प्रती ६. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्हाला मिळालेले दर त्यांच्या जागी घाला.

| | झेरॉक्स सेंटर | डिजिटल प्रिंटिंग |
|---|---|---|
| काळं-पांढरं पान | १.५० रु. | २ रु. |
| रंगीत पान | १० रु. | ६ रु. |
| हार्ड बाइंडिंग, एका प्रतीचं | २५० रु. | ३०० रु. |
| सूट | नाही | छपाईवर १० टक्के |
| ६ प्रतींचं बिल | ५७०० रु. | ५२५६ रु. |

काळं पान महाग, बाइंडिंग महाग, तरी दुसरं दुकान ४४४ रुपयांनी स्वस्त. रंगीत पानांनी हा फरक पाडला. याच दरांत रंगीत पानं १५ असती तर पहिल्या दुकानात एक प्रत ७३७.५० रुपयांना पडली असती आणि दुसऱ्यात ७८६ रुपयांना. पारडं २५ रंगीत पानांच्या आसपास फिरतं. म्हणून मराठी, इतिहास, कॉमर्सच्या प्रबंधाला कॉलेजजवळचं दुकान बहुधा परवडतं. नकाशे, सूक्ष्मदर्शकातले फोटो, सिम्युलेशनचे आलेख असतील तर थोडं लांब जाऊन डिजिटलवाल्याकडे विचारावं.

आता रंगीत पान कशाला म्हणायचं? मशिनच्या मोजणीत कोपऱ्यातला छोटा निळा ठिपकाही अख्खं पान रंगीत करतो. वर्डमध्ये संदर्भांच्या लिंका आपोआप निळ्या होतात, आणि हेडरमध्ये कॉलेजचा रंगीत लोगो ठेवला तर २४०च्या २४० पानं रंगीत मोजली जाऊ शकतात. वरच्या उदाहरणात तसं झालं तर झेरॉक्स सेंटरचं बिल प्रतीमागे १७०० रुपयांनी वाढेल. त्यामुळे लोगो फक्त मुखपृष्ठावर रंगीत ठेवा, लिंका काळ्या करा आणि रंगीत पानांची यादी लिहून द्या. यादीत पीडीएफमधला पानक्रमांक हवा, छापलेला नको. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांचे रोमन आकडे आधी येत असल्यामुळे छापलेलं पान २५ पीडीएफमध्ये ३७वं असू शकतं. या गोंधळात आलेख काळे निघतात आणि साधा मजकूर रंगीत दराने छापला जातो.

सुटीबद्दल नीट विचारून घ्या. "हजार पानांपुढे रुपयाने" याचे दोन अर्थ होतात. आपल्या सहा प्रतींत काळी पानं १२०० आहेत. हजार ओलांडल्यावर सगळ्याच पानांना एक रुपया लागला तर १२०० रुपये होतात. फक्त वरच्या २०० पानांना लागला तर १७०० रुपये. म्हणजे सूट एकदा ६०० रुपयांची, एकदा १०० रुपयांची. आज तीन आणि पुढच्या आठवड्यात तीन प्रती काढल्या, तर प्रत्येक वेळी ६००च पानं भरतात आणि सूट कुठलीच मिळत नाही. बाइंडिंग सुटीत धरलंय का आणि दर जीएसटी धरून आहे का, हेही त्याच वेळी विचारावं. सगळं कागदावर लिहून घ्यावं.

एवढ्यावरून पैशाचा निर्णय होतो. बाइंडिंगचा निर्णय मात्र मी नेहमी वेगळा करायला सांगते, कारण प्रबंध ग्रंथालयात वर्षानुवर्षं हाताळला जाणार असतो. साध्या ७५ जीएसएम कागदाच्या २४० पानांचा गठ्ठा जवळजवळ एक इंच जाड होतो, १०० जीएसएमचा सव्वा इंचाच्या आसपास. एवढ्या जाडीला नुसत्या गोंदाने चिकटवलेला कणा टिकत नाही, दहा-वीस वेळा उघडला की मधली पानं सुटतात. गठ्ठ्याला बाजूने भोकं पाडून दोऱ्याने शिवून मग पुठ्ठ्याचं रॅक्झिन कव्हर चढवणारा बाइंडर शोधा. या शिवणीत डावीकडची जवळजवळ एक सेंटिमीटर जागा जाते, म्हणूनच डावी मार्जिन दीड इंच हवी. प्रिंट काढताना दुकानदाराला Fit ऐवजी Actual size निवडायला सांगा, नाहीतर मार्जिन ठरवून काही उपयोग नाही.

दुकानातला तयार नमुना मागा. मध्यावर उघडून एक पान हलकेच ओढून बघा, आणि अक्षरं शिवणीत दडत नाहीत ना ते पाहा. आतल्या बाजूचा, पुठ्ठा आणि गठ्ठा जोडणारा कागद लाटांसारखा उठला असेल तर खळ ओली असतानाच पुस्तक दाबातून काढलंय. "दोन तासांत हार्ड बाइंडिंग" म्हणणाऱ्याकडे हे हमखास दिसतं. पावसाळ्यात खळ वाळायला आणखी वेळ लागतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये सबमिशन असेल तर बाइंडरला पूर्ण दोन दिवस द्या. छपाई एकीकडे आणि बाइंडिंग दुसरीकडे केलं तरी चालतं. बरीच झेरॉक्स सेंटर्स स्वतःच बाइंडिंग बाहेर पाठवतात, मग चांगल्या बाइंडरकडे आपणच का जाऊ नये? फक्त गठ्ठे मोजून द्या आणि प्रतींमध्ये रंगीत कागद घाला, म्हणजे पानं मिसळत नाहीत.

कव्हरचा रंग, सोनेरी अक्षरं, कागदाचा जाडपणा, पाठपोट छपाई चालते का, हे दुकानदाराला विचारून उपयोग नाही. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, आरोग्य विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ यांचे नियम वेगवेगळे. आपल्या विभागातून लेखी सूचना घ्या. पाठपोट चालत असेल तर गठ्ठा निम्म्यावर येतो, पण कण्यावर नाव आणि वर्ष मावेल का तेही बघावं लागतं.

तोंडी परीक्षेआधीच सगळ्या प्रती हार्ड बाइंड करण्याची घाई नको. परीक्षकांच्या दुरुस्त्या येणारच. नियमात बसत असेल तर आधीच्या प्रती स्पायरलमध्ये द्या आणि अंतिम प्रती दुरुस्तीनंतर एकत्र काढा, म्हणजे सूटही पूर्ण लागते. सोनेरी ठशाआधी नावाचा, पदवीचा आणि वर्षाचा मजकूर कागदावर छापून घेऊन त्यावर सही करा. रॅक्झिनवर उमटलेला ठसा पुसता येत नाही, अख्खं कव्हर बदलावं लागतं.