पैसे भरून घेतलेलं चॅट अ‍ॅप आणि फोटो जोडायचं मुकं बटण

अ‍ॅपचा वेग, ऑर्डरची यादी, बिलं यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. त्यात मला काही भर घालायची नाही, ते सगळं ठीकच आहे. मी लिहिणार आहे ते लिहायच्या चौकटीशेजारच्या एका बटणाबद्दल. कारण महिन्याला पैसे मोजते, आणि घरगुती मसाल्यांच्या धंद्यात कुरियरची पावती गिऱ्हाइकाला पाठवणं हे माझं रोजचं काम. मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर चालतो. अ‍ॅपचं नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच.

सुरुवातीला काय होतं ते सांगते. चॅट उघडलं की तळाशी बोट ठेवायचं, 'मेसेज लिहा' ही चौकट ऐकू येते. तिथून उजवीकडे स्वाइप केलं की 'अनलेबल्ड, बटन'. पुन्हा स्वाइप, पुन्हा 'अनलेबल्ड, बटन'. मग माइक. म्हणजे फोटो जोडायचं बटण आणि कॅमेऱ्याचं बटण दोन्ही बिननावाची, शेजारी शेजारी. डोळस माणसाला तिथे चिन्हं दिसतात, पण टॉकबॅकला चित्राशी देणंघेणं नसतं. बनवणाऱ्यानं त्या बटणाला जे नाव दिलं असेल तेच तो वाचतो, नाव नसेल तर तसं सांगून मोकळा होतो.

माझ्या मैत्रिणीला वाटायचं, उजव्या कडेपासून तिसरं बटण असं लक्षात ठेवलं की झालं. इथे ते चालत नाही. चौकटीत एक अक्षर जरी टाइप केलं तरी कॅमेऱ्याचं बटण गायब होतं आणि माइकच्या जागी 'पाठवा' येतं, म्हणजे कडेपासूनची मोजणी बदलली. वर कीबोर्ड उघडला की ती अख्खी पट्टी तळातून उठून स्क्रीनच्या मध्यावर येते, त्यामुळे बोटाला पाठ झालेली जागाही फुकट. मोजायचं ते चौकटीपासून. चौकटीनंतर उजवीकडे पहिलं, ते फोटो जोडायचं. मजकूर लिहिलेला असो वा नसो, तेवढं बदलत नाही.

तिथे आलं की स्क्रीनवर कुठेही डबल टॅप करायचा, बटणावरच बोट पडायला हवं असं नाही. एक घर पुढे गेलात तर कॅमेरा उघडतो आणि 'शटर' ऐकू येतं. तेव्हा बॅक जेश्चर करून परत यायचं, काही बिघडत नाही.

आता खरी युक्ती, जी मला बरीच उशिरा सापडली. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये व्हर्बोसिटी म्हणून भाग आहे, त्यात एलिमेंट आयडी बोलून दाखवायचा पर्याय असतो. तो चालू केला की बिननावाच्या बटणाचं आतलं, प्रोग्रॅमरनं स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं नाव ऐकू येतं. माझ्याकडे ते `iv_attach` असं निघालं. बटण कोणतं याची खात्री पटली की त्यावर फोकस ठेवून तीन बोटांनी एकदा टॅप करायचं, टॉकबॅकचा मेनू येतो, त्यात लेबल जोडायचा पर्याय निवडायचा आणि नाव लिहायचं. मी 'फोटो जोडा' लिहिलं, शेजारच्याला 'कॅमेरा'. मग कित्येक महिने सुखात गेले, इतके की मी दोन ओळखीच्यांना हेच अ‍ॅप घ्या म्हणून सांगितलं.

मग मोठं अपडेट आलं. नवं रूप, नवे रंग, असं ऐकते. माझी दोन्ही लेबलं गेली. आपण दिलेलं लेबल त्या आतल्या आयडीला बांधलेलं असतं, आयडी बदलला की ते कोणाचंच राहत नाही. पुन्हा देऊ म्हणून मेनू उघडला, तर लेबल जोडायचा पर्यायच नाही! यावरून कळतं की त्या बटणाला आता आयडीच उरलेला नाही. बहुधा स्क्रीन नव्या पद्धतीनं बांधली असावी. म्हणजे माझ्या बाजूनं करण्यासारखं काही नाही, दुरुस्ती त्यांनीच करायला हवी.

ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, कृपया अडचणीचा स्क्रीनशॉट याच चॅटमध्ये जोडून पाठवा. मी पाच मिनिटं नुसती हसत होते. त्यांना कळवलं की जोडायचं बटणच तर तक्रारीत आहे, आणि स्क्रीनशॉटमध्ये ते झकास दिसेल, कारण दिसण्यात दोष नाहीच. त्यावर 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका'. पुन्हा टाकून नाव कसं येणार? नाव त्यांच्या कोडमध्ये नाही. शेवटी नात्यातल्या एका मुलाकडून, जो हेच काम करतो, विचारून घेतलं आणि त्यांना आयतं उत्तर पाठवलं. जुन्या पद्धतीच्या स्क्रीनला एवढी एक ओळ लागते, नव्या पद्धतीत तिचं भावंड असतं:

```xml
android:contentDescription="फोटो जोडा"
```

सोबत हेही लिहिलं की ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. या वाक्यानंतर उत्तरातला सूर एकदम 'मॅडम' झाला. काम मात्र लगेच झालं नाही.

मधल्या काळात आडवाटेनं भागवलं, आणि ही वाट सगळ्यांनीच माहीत करून घ्यावी. चॅटमधून फोटोकडे जायच्या ऐवजी फोटोकडून चॅटकडे जायचं. गॅलरीत फोटो उघडायचा, 'शेअर' शोधायचं, यादीतून अ‍ॅप निवडायचं, मग गिऱ्हाइकाचं नाव. सगळी बटणं बोलतात. खोट एवढीच की नाव निवडताना घोळ झाला तर एकाची पावती दुसऱ्याकडे जाईल, म्हणून पाठवण्याआधी वरचं नाव ऐकून घ्यायचं.

आता मला मत थोडं बदलावं लागतंय. नव्या आवृत्तीत बटणाला नाव आलं. 'अटॅच बटन, बटन' असं. नावातच बटण लिहून ठेवलंय, आणि टॉकबॅक स्वतःहून बटण म्हणतोच. चालेल, मुक्यापेक्षा तोतरं बरं. पण याहून मोठी सुधारणा पुढच्या पायरीवर झालीय, जी मी मागितलीही नव्हती. पूर्वी अ‍ॅपची स्वतःची फोटोंची जाळी उघडायची आणि प्रत्येक फोटो नुसता 'इमेज, इमेज' बोलायचा. आता अँड्रॉइडचा आपला फोटो पिकर उघडतो, तो प्रत्येक फोटो कधी काढला ती तारीख आणि वेळ वाचतो. सकाळी कुरियरवाल्यानं दिलेली पावती साडेदहाच्या फोटोत असणार, हे मला पुरेसं असतं.

एक खोड राहिली आहे. जोडा दाबल्यावर खालून जो पर्यायांचा तुकडा वर येतो, त्यात फोकस आपणहून जात नाही. स्वाइप करत राहिलं तर मागचे जुने मेसेजच वाचले जातात आणि वाटतं की काही उघडलंच नाही. स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात बोट ठेवून 'गॅलरी' ऐकू येईपर्यंत सरकवायचं, मग डबल टॅप. हे कळवून झालंय, उत्तर यायचंय.

पाचपैकी तीन तारे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट देतात, पण ती घेतली नाही. महिन्याचेच भरते आहे, पुढचं अपडेट बघून ठरवेन.